वीस दिवसांची उधारी, सदतीस टक्के व्याज

मंडळी, विषय बिल लवकर भरल्यावर मिळणाऱ्या रोख सुटीचा, म्हणजे सीडीचा आहे, पण आधी एका गैरसमजाबद्दल बोलतो. बिलावर लिहिलेलं असतं, ‘१० दिवसांत २ टक्के सीडी, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम’. ते वाचून व्यापारी म्हणतो, “बँक ११ टक्के घेते, इथे तर दोनच टक्के जातात, जाऊ द्या!” बँकेचे अकरा वर्षाचे आहेत आणि हे दोन वीस दिवसांचे, हे कुणी त्याच्या लक्षातच आणून देत नाही. जरा जास्त विचार करणारा महिन्याला दोन म्हणून वर्षाला चोवीस धरतो. तोही चुकतो, कारण पहिले दहा दिवस सूट घेणाऱ्यालाही फुकटच मिळतात. सूट सोडून हाती येतात फक्त पुढचे वीस दिवस.

लाखाचं बिल घ्या. दहाव्या दिवशी ९८,००० देऊन तुम्ही मोकळे होता. थांबलात, तर तेच ९८,००० वीस दिवस वापरायला मिळतात आणि त्याचे २,००० मोजावे लागतात. २,००० भागिले ९८,००० म्हणजे २.०४ टक्के. वर्षात असे वीस दिवस सव्वाअठरा वेळा येतात, म्हणून दर झाला ३७.२ टक्के. चक्रवाढीने तो ४४ च्या पुढे जातो. हेच ९८,००० बँकेच्या सीसी खात्यातून, म्हणजे मंजूर कर्जमर्यादेतून, ११ टक्क्यांनी उचलले, तर वीस दिवसांचं व्याज होतं सुमारे ५९१ रुपये. म्हणजे एका बिलामागे चौदाशे रुपये हकनाक जातात.

हे पैसे जातात कुठे, तेही बघा. मालाची पावती आणि बिल जुळवण्यात आठ-नऊ दिवस निघून जातात. संगणकात देय तारीख तिसाव्या दिवसाची टाकलेली असते. दहावा दिवस कुणाला दिसतच नाही! सुटीची तारीख वेगळी नोंदवा, आणि ती मालाच्या तारखेपासून मोजायची की बिलाच्या, हे पुरवठादाराला आधीच विचारून ठेवा.

वेळ संपत आलीय, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. सूट हुकलीच, तर पंधराव्या दिवशी पैसे देऊ नका. पाच दिवसांसाठी तेच दोन हजार गेले, की दर होतो १४९ टक्के. मग तिसाव्या दिवशीच द्या. सीसी संपलेली असेल आणि बाहेरून महिना दोन टक्क्यांनी पैसे मिळत असतील, तरी तो दर चोवीसच पडतो. तेव्हाही सूट घेणंच फायद्याचं.

आणि जीएसटी विसरू नका. लाखावर १८ टक्के कर धरून बिल १,१८,००० चं, पण सूट बहुधा मूळ लाखावरच मिळते. कराचा आकडा तोच राहिला, तर दहाव्या दिवशी १,१६,००० द्यावे लागतात आणि दर उतरून साडेएकतीसच्या आसपास येतो. तुमचं गणित याच आकड्यावर करा.