भागायचं कधी, थांबायचं कधी

(सीमाभागातल्या एका गावच्या वाचनालयात दहावी आणि पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मुलांनो, ही डबी बघा. हिच्यात शिशाचे चार खिळे आहेत. माझे काका शहापुरातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी मूठभर खिळे घरी आणले, त्यातले हे चार. दोन क आहेत, दोन ट आहेत. पुढच्या बाकावरच्यांनी हातात घेऊन बघा. एका क-च्या बुडाला खाच पडलीय, दुसरा गुळगुळीत आहे. एका ट-ची कड झिजलीय, दुसऱ्याची शाबूत आहे. म्हणजे हातात धरलं तर चारही खिळे वेगळे. पण शाई लावून कागदावर उठवले की दोन्ही क सारखेच दिसतात आणि दोन्ही ट सारखेच. आज मला जे सांगायचंय ते या फरकावरच उभं आहे: हातात वेगळं, कागदावर एकच.

या चार खिळ्यांतून एक शब्द होतो, कटकट. फिरवले की टकटक होतो. असे एकूण किती शब्द छापता येतील? अर्थ असो वा नसो, क्रम वेगळा की शब्द वेगळा.

आधी हाताने मोजू. कटकट, टकटक, ककटट, टटकक, कटटक, टककट. सहा. आणखी कुणाला सापडला तर सांगा. नाही सापडणार.

आता खिळे मोजू. पहिल्या जागी चारांपैकी कुठलाही, दुसऱ्या जागी उरलेल्या तिनांपैकी, मग दोन, मग एक. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. काकांच्या हाताने चोवीस वेगवेगळ्या जुळण्या होऊ शकतात आणि कागदावर मात्र सहाच शब्द उमटतात. मग एकेक शब्द किती वेळा उमटला? कटकट घ्या. खाचेचा क पुढे आणि गुळगुळीत मागे, किंवा उलट: दोन तऱ्हा. त्या प्रत्येक तऱ्हेत ट-च्या पुन्हा दोन. दोन दुणे चार. टककटचंही तेच, ककटटचंही तेच. चोवीस जुळण्यांचे चार-चारांचे सहा ढीग झाले. २४ ÷ ४ = ६.

आमच्या इकडची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत जातात. तिथे हे प्रकरण एका ओळीच्या सूत्रात येतं: वर एकूण अक्षरांचं फॅक्टोरियल, म्हणजे त्या संख्येपासून एकपर्यंतचा गुणाकार, खाली सारख्या अक्षरांची फॅक्टोरियल. ओळ पाठ होते, पण तिच्यामागचे ढीग काही दिसत नाहीत. म्हणून मी ढिगांवर जरा रेंगाळणार आहे.

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. त्यात ते म्हणतात की जितक्या स्थानी सारखे अंक असतील तितक्या स्थानांचे भेद, म्हणजे मांडण्या, वेगळे काढा आणि त्यांनी आधीच्या भेदांना भागा. त्यांचं उदाहरण आहे २, २, १, १. ही आपली कटकटच झाली, उत्तर सहा. पुढे ते त्या सहा संख्यांची बेरीजही विचारतात, ती येते ९९९९. घरी जाऊन करून बघा, प्रत्येक स्थानी तीन वेळा दोन आणि तीन वेळा एक येतो.

त्यांचं दुसरं उदाहरण आहे ४, ८, ५, ५, ५. इथे तीन पाच सारखे आहेत. एकूण जुळण्या ५ × ४ × ३ × २ × १ = १२०. वर्गात दरवर्षी कुणीतरी या १२० ला तीनने भागून चाळीस लिहितं. पाच तीन आहेत, म्हणून तीनने भागलं. पण आपण खिळ्यांची संख्या मोजत नाही, त्यांच्या अदलाबदली मोजतोय. तीन खिळे आपापसात सहा तऱ्हांनी बदलतात, म्हणून ढीग सहाचा आणि उत्तर वीस. कटकटमध्ये ही चूक लपून राहते, कारण दोन खिळ्यांच्या अदलाबदलीही दोनच असतात. विसाची खात्री भागाकार न करताही होते. पाच जागांपैकी एकीत चार ठेवा, उरलेल्या चारांपैकी एकीत आठ ठेवा, बाकी सगळे पाच. पाच चोक वीस. एखादं उत्तर अशा दुसऱ्या वाटेनेही आलं की मनाला स्वस्थता मिळते. ही सवय लावून घ्या.

इथवर सगळे येतात. खरी अडचण पुढे आहे.

आता चार खिळ्यांतून दोनच घ्यायचे आणि दोन अक्षरी शब्द छापायचा. जुळण्या किती? चार त्रिक बारा. क दोनदा, ट दोनदा, म्हणून हात आपोआप चाराने भागायला जातो आणि उत्तर येतं तीन. आता छापून बघा. कक, कट, टक, टट. चार शब्द समोर दिसतायत आणि सूत्र म्हणतंय तीन.

चुकलं कुठे? पुन्हा ढीग मोजा. ‘कट’ किती जुळण्यांतून आला? क निवडायच्या दोन तऱ्हा, ट निवडायच्या दोन, एकूण चार. ‘टक’चेही चार. पण ‘कक’ मध्ये ट आलाच नाही. तिथे दोन क-ची अदलाबदल तेवढी होते, म्हणजे ढीग दोनाचा. ‘टट’चाही दोनाचा. ४ + ४ + २ + २ = १२, जुळण्या बरोबर भरल्या. ढीग मात्र सारखे नाहीत. पेढ्यांच्या प्रत्येक बॉक्समध्ये सारखेच पेढे असतील तर एकूण पेढ्यांना भागून बॉक्सांची संख्या कळते. कुठे चार, कुठे दोन असतील तर कुठल्याही आकड्याने भागा, बॉक्स कळणार नाहीत.

म्हणजे भागाकाराची अट एकच आहे: प्रत्येक उत्तर सारख्याच वेळा मोजलं गेलेलं असलं पाहिजे. सगळी अक्षरं वापरली की ही अट आपोआप पाळली जाते, कारण प्रत्येक शब्दात दोन्ही क आणि दोन्ही ट असतातच. काही अक्षरं बाहेर राहायला लागली की ती मोडू शकते.

यातला धोका असा की चूक दर वेळी ओरडून सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे असेच गुण गेले. त्याला आलेलं गणित मी आपल्या शब्दावर बसवून सांगतो. ‘सरसकट’ या शब्दातल्या अक्षरांतून तीन अक्षरी किती शब्द होतात? त्याने लिहिलं: ५ × ४ × ३ = ६०, स दोनदा म्हणून भागिले दोन, तीस. अपूर्णांक आला असता तर पोरगं थबकलं असतं. तीस हा छान पूर्ण आकडा आला आणि त्याने पान उलटलं.

आपण ढीग बघू. भागण्याआधी सगळ्यात वेगळी दिसणारी दोन-तीन उत्तरं उचलायची आणि प्रत्येक किती वेळा आलं ते मोजायचं. ‘सरक’ घ्या: स-चा खिळा पहिला असेल किंवा दुसरा, म्हणून दोनदा. ‘सरस’: दोन स-ची अदलाबदल, दोनदा. ‘कटर’: यात स नाहीच, एकदाच. झालं, ढीग असमान निघाले. इथे भागायचं नाही.

मग करायचं काय? जातवारी लावायची आणि एकेक जात वेगळी मोजायची. स नसलेले शब्द: र, क, ट यांच्या सहा मांडण्या. एकच स असलेले: र, क, ट मधून दोन घ्यायचे, त्याच्या तीन तऱ्हा, आणि प्रत्येकीत तीन वेगळ्या अक्षरांच्या सहा मांडण्या, म्हणून अठरा. दोन स असलेले: तिसरं अक्षर तीनपैकी कुठलंही, आणि ते पहिल्या, मधल्या किंवा शेवटच्या जागी, म्हणून नऊ. ६ + १८ + ९ = ३३. आता उलट तपासा. सहा शब्द एकेकदा, सत्तावीस शब्द दोनदोनदा: ६ + ५४ = ६०. जुळण्यांचा हिशेब चोख बसला. तीस लिहिताना तीन शब्द गळले होते. एकदाच मोजलेल्या त्या सहा शब्दांनाही आपण दोनाने भागून अर्धं करून टाकलं, म्हणून ते गळले.

आणखी एक चूक सांगतो, ती हुशार मुलांची आहे. सरसकटची पाचही अक्षरं वापरायची, पण दोन स शेजारी येता कामा नयेत. एकूण शब्द १२० भागिले २, म्हणजे ६०. आता शेजारी येणारे वजा करायचे. दोन स एकत्र बांधले की चार वस्तू उरतात, २४ मांडण्या. इथे मुलगा म्हणतो, गाठोड्याच्या आत दोघं जागा बदलू शकतात, म्हणून दुणे दोन, ४८. साठातून अठ्ठेचाळीस गेले, उरले बारा.

माणसं रांगेत उभी करताना आतली अदलाबदल मोजावीच लागते, कारण दोन माणसं वेगळी असतात. ती सवय इथे आडवी येते. साठ हा कागदावरचा आकडा आहे आणि अठ्ठेचाळीस हा खिळ्यांचा. दोन वेगळ्या हिशेबांतले आकडे एकमेकांतून वजा होत नाहीत. एक तर सगळं कागदावर करा: ६० − २४ = ३६. नाहीतर सगळं खिळ्यांवर करा: १२० − ४८ = ७२, आणि शेवटी एकदाच दोनाने भागा, ३६. इथे भागाकार चालतो, कारण ‘शेजारी नको’ ही अट कुठला स पहिला आणि कुठला दुसरा हे विचारतच नाही, ढीग दोन-दोनांचेच राहतात. तिसऱ्या वाटेने बघा: पाच जागांतून दोन निवडायच्या दहा तऱ्हा, त्यांतल्या शेजारच्या चार, उरल्या सहा. प्रत्येकीत र, क, ट यांच्या सहा मांडण्या. साही साही छत्तीस.

शेवटी मागून एका मुलीने विचारलं की सर, काना-मात्रा वेगळ्या हलवायच्या का? प्रश्न मोलाचा आहे, म्हणून इथे नोंदवतो. मोजायला बसण्याआधी आपला खिळा कोणता ते ठरवावं लागतं. गोकाकच्या बसची पाटी घ्या. मराठीत गो, का, क, कन्नडातही तीच तीन अक्षरं. काना-मात्रा अक्षराला चिकटलेली ठेवली तर का आणि क वेगळे, सारखं काहीच नाही, भागायचं कारण नाही, उत्तर सहा. तेच नाव इंग्रजी पाटीवर जी, ओ, के, ए, के असं पाच अक्षरांचं होतं, के दोनदा येतो, आणि १२० भागिले २ करून उत्तर साठ येतं.