फुटक्या काचेतून तुरपाई

नमस्कार. आमच्या शिलाईच्या दुकानाचा पहिला व्हिडिओ ज्या फोनवर निघाला, तो हा. (फोन उलटा करून दाखवतो.) याच्या पडद्याचा खालचा भाग बोटाला दाद देत नाही, पण चित्रीकरण आवाजाच्या बटणानेही सुरू होत असल्याने त्यावाचून अडले नाही. अडवले ते कॅमेऱ्यावरच्या काचेला गेलेल्या या तड्याने.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्याआधी दुकानात जुने गणवेश येऊ लागतात, कारण वर्षभरात पोरे वाढलेली असतात आणि बाबांनी पँटच्या तळाशी दोन इंच माया ठेवलेली असते. ती माया उसवून पँट लांब कशी करायची, हे दाखवायचे ठरले.

बाबांची मशीन दाराशी आहे. मी आतल्या बाजूने, दाराकडे तोंड करून फोन धरला, तेव्हा बाबांचे हात दुधाळ धुक्यात बुडाल्यासारखे दिसले. बाबा म्हणाले, "हे कायले असं धूर धूर दिसून राह्यलं?" तडा भिंगाच्या इतका जवळ असतो की त्याची रेघ चित्रात उमटत नाही, मात्र समोरून येणारा उजेड त्यावर पडला की तो विखुरतो आणि सगळ्या चित्रावर पसरतो. उन्हाकडे तोंड केल्यावर ओरखडलेल्या चष्म्यातून असेच दिसते. म्हणून मी दाराकडे पाठ केली, बाबांना दाराकडे तोंड करून बसवले आणि फोनवर पुठ्ठ्याची छोटी झापड धरली. धुके गेले.

आता चित्रात आडवे काळे पट्टे सरकू लागले. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. ट्यूब बंद केली. सकाळी दहाचा उजेड पुरेसा होता, आणि भारनियमनाचीही चिंता मिटली.

तिसऱ्या खेपेस मी टाक्यांवर बोट दाबून धरले, त्यामुळे हात हलले तरी फोकस ढळला नाही. बाबांनी जुनी घडी उसवली, ओले फडके ठेवून इस्त्रीने तिची खूण बसवली, आणि बाहेरच्या कापडाचा एकेकच धागा सुईवर घेत तुरपाई केली.

व्हिडिओ पाहताना त्यांनी चित्र मोठे करायला सांगितले. एक टाका बाहेरून दिसत होता. दुकानात तो कोणाच्याही नजरेस पडला नसता. बाबांनी काही न बोलता कात्री उचलली आणि सगळी तुरपाई उसवायला घेतली. फोनची बॅटरी तेव्हा नऊ टक्के होती.