सापळ्यातली नोट आणि मागणीचा पुरावा

श्रोते हो, नमस्कार.

लाच घेताना अमुक कर्मचाऱ्याला रंगेहाथ पकडलं, अशी बातमी आपण वरचेवर वाचतो. काही वर्षांनी त्याच खटल्याचा निकाल लागतो आणि आरोपी निर्दोष सुटल्याचं कळतं. चावडीवर लगेच चर्चा होते, की मिटवलं असणार. काही वेळा तसं होतही असेल. पण निकालपत्रं वाचली तर पुष्कळदा कारण वेगळंच सापडतं. नोट सापडली होती, हातही गुलाबी झाले होते. पैसे मागितले होते, एवढंच कोर्टात सिद्ध झालेलं नव्हतं. आज त्या मागणीच्या पुराव्याबद्दलच बोलू.

एक काल्पनिक प्रकरण धरून चालू. वडील वारल्यावर शेतकऱ्याने सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी अर्ज दिला. तलाठी म्हणाला, तीन हजार लागतील. शेतकरी लाचलुचपत प्रतिबंधक विभागात गेला. महाराष्ट्रात त्यासाठी 1064 हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार लिहून घेतली, म्हणून लगेच सापळा लावत नाहीत. आधी पडताळणी होते. दुसऱ्या सरकारी कार्यालयातले दोन कर्मचारी पंच म्हणून बोलावले जातात. तक्रारदाराकडे छोटा व्हॉइस रेकॉर्डर देतात आणि एका पंचाला त्याच्यासोबत तलाठ्याकडे पाठवतात. या भेटीत पैसे द्यायचे नसतात, फक्त बोलणं करायचं असतं. परत आल्यावर पंचांसमोर रेकॉर्डिंग ऐकतात, त्याचा पंचनामा करतात आणि मेमरी कार्ड सीलबंद करतात.

माझ्या मते अर्धा खटला इथेच जिंकला किंवा हरला जातो. रेकॉर्डिंगमध्ये तलाठी ‘तुमच्या वारसनोंदीचे तीन हजार घेऊन या’ असं म्हणाला असेल, तर पुढचं काम सोपं. पण लोक इतकं स्वच्छ बोलत नाहीत. ‘बघा काय ते’, ‘उद्या या, मग करू’, ‘तेवढं आणलंत की होऊन जाईल’ असंच बोललं जातं. ‘तेवढं’ म्हणजे पैसे की मृत्यूचा दाखला? आरोपीचा वकील हाच प्रश्न विचारणार. त्यातून तक्रारदारानेच घाईघाईने ‘साहेब, तीन हजार देतो’ म्हटलं आणि समोरच्याने नुसता हुंकार दिला, तर रक्कम तक्रारदाराच्या तोंडची ठरते, आरोपीच्या नाही.

सापळ्याच्या दिवशी तक्रारदार स्वतःच्या नोटा आणतो. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. ही पांढरी पूड डोळ्यांना दिसत नाही, इतकी पातळ लावलेली असते. ती लागलेली बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. महाराष्ट्रातल्या अनेक खटल्यांत अँथ्रासीन पावडरही वापरलेली दिसते. तिचे कण अतिनील दिव्याखाली चमकतात. पंचांना प्रयोग दाखवून नोटा तक्रारदाराच्या खिशात ठेवतात आणि त्याला बजावतात: मागितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, हस्तांदोलन करायचं नाही, पैसे घेतल्यावर ठरलेला इशारा करायचा. पावडर लावणाऱ्या माणसाने पुढे आरोपीजवळ जायचं नाही, हीही खबरदारी असते. नाहीतर आरोपीच्या हातावर पावडर पोलिसांकडूनच आली, असं म्हणायला जागा राहते.

पहिल्या पंचाला सांगितलेलं असतं, की तक्रारदाराजवळ राहा, काय होतं ते बघ आणि काय बोलतात ते ऐक. दुसरा पंच पथकासोबत बाहेर थांबतो. इशारा झाला की पथक आत येतं. दोन्ही हात वेगवेगळ्या ग्लासात, वेगवेगळ्या द्रावणात धुतात. खिशातून नोटा निघाल्या असतील, तर खिसाही. बाटल्या सीलबंद होतात, त्यावर पंचांच्या सह्या होतात, नोटांचे क्रमांक पहिल्या पंचनाम्याशी ताडून पाहतात.

यातून काय सिद्ध झालं? या बोटांचा त्या नोटांना स्पर्श झाला, एवढंच. ती नोट कशासाठी आली, हे गुलाबी पाणी सांगत नाही. कुणी जबरदस्तीने खिशात कोंबलेली नोट बाहेर काढतानाही हाताला पावडर लागतेच. म्हणून न्यायाधीश पहिल्या पंचाच्या साक्षीकडे वळतात.

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला, 1979 मध्ये निकाल लागलेला राठी खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. तक्रारदाराने साक्षीत सांगितलं, की आरोपीने पैसे आणलेत का असं विचारलं आणि ते दुसऱ्या आरोपीकडे द्यायला सांगितलं. शेजारीच असलेल्या पंचाच्या साक्षीत मात्र ही विचारणा आलीच नाही. एकाच खोलीतल्या दोघांपैकी एकाने सर्वांत महत्त्वाचं वाक्य सांगितलं आणि दुसऱ्याने नाही. तक्रारदाराच्या शब्दाला स्वतंत्र आधार हवा, असं न्यायालयाने म्हटलं आणि आरोपी सुटला. व्यवहारात हे बऱ्याचदा घडतं. पंच दारातच थांबतो, साहेब त्याला ‘तुम्ही बाहेर बसा’ म्हणतात, पंखा आणि गर्दी यांत त्याला ऐकूच येत नाही. काही पंच मग उलटतपासणीत ‘बोलणं ऐकू आलं नाही, पैसे देताना पाहिलं’ असं प्रामाणिकपणे सांगतात. ते खरं बोलतात, पण त्यांच्या साक्षीतून फक्त स्वीकार सिद्ध होतो, मागणी नाही.

तक्रारदारच फितूर झाला तर? इथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. पहिला नरसिंग राव खटल्याचा. आंध्रातल्या दूध शीतकरण केंद्राचा हा व्यवस्थापक, आरोप 500 रुपयांच्या लाचेचा. साक्षीदार फिरले. आरोपी म्हणाला, नोटा माझ्या खिशात कोंबल्या. तरी शिक्षा कायम राहिली. तक्रारदार आधी पोलीस अधिकाऱ्याकडे जाऊन तक्रार देतो, पावडर लावलेल्या त्याच नोटा थोड्याच वेळात आरोपीच्या खिशातून निघतात. या साखळीवरून, पैसे त्याने राजीखुशीने घेतले, असं अनुमान न्यायालयाने काढलं. दुसरा 2014 चा जयराज खटला. स्वस्त धान्य दुकानदार तक्रारदार, रक्कम 250 रुपये. कोर्टात तो म्हणाला, परवाना नूतनीकरणाची फी बँकेत भरायला म्हणून पैसे दिले होते. पैसे देताना हजर असलेला दुसरा कोणताही साक्षीदार सरकार पक्षाने तपासला नाही. आरोपी सुटला.

हे निकाल एकमेकांशी जुळतात का, असा प्रश्न निघाला आणि तो पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. नीरज दत्ता खटल्यात 15 डिसेंबर 2022 रोजी घटनापीठाने सांगितलं, की विसंगती नाही. मागणी आणि स्वीकार सिद्ध झालेच पाहिजेत; पण तक्रारदार वारला, फितूर झाला किंवा सापडला नाही, तरी दुसऱ्या साक्षीदाराकडून, कागदांवरून किंवा परिस्थितिजन्य पुराव्यावरून ते सिद्ध करता येतात. आणखी एक बारकावा त्यात आहे. लाच देणाऱ्याने आपणहून देऊ केली आणि अधिकाऱ्याने ती घेतली, तरी गुन्हा होतो. पण मग देऊ केल्याचं तरी सिद्ध व्हायला हवं. नुसती हातात आलेली नोट दोन्हीकडे अपुरीच.

हा नियम त्याच खटल्याला लावला तेव्हा काय झालं, ते जास्त बोलकं आहे. दिल्लीतल्या एका दुकानाच्या वीजमीटरसाठी दहा हजारांची लाच मागितल्याचा नीरज दत्ता या महिलेवर आरोप होता. तक्रारदार साक्षीआधीच वारला. मार्च 2023 मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने सोबतच्या साक्षीदाराची साक्ष तपासली. पैशांचा उल्लेख तिच्यात होता. मीटर देण्यासाठी लाच म्हणून ते मागितल्याचं मात्र कुठे आलं नव्हतं. परिस्थितिजन्य पुरावाही तेवढा नव्हता. आरोपी निर्दोष ठरली.

आता कायद्यातल्या गृहीतकाबद्दल. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 20 प्रमाणे सरकारी नोकराने अशी रक्कम घेतल्याचं सिद्ध झालं, तर ती लाचच होती, असं न्यायालयाने गृहीत धरायचं असतं. पण आधी पाया भरला पाहिजे आणि तो सरकार पक्षाने संशयापलीकडे भरायचा. मग पाळी आरोपीची. त्याला मात्र संशयापलीकडे काही सिद्ध करावं लागत नाही. त्याचं म्हणणं शक्य कोटीतलं आणि जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं.

आपल्या तलाठ्याकडे परत येऊ. तो म्हणेल, शेतसाऱ्याची थकबाकी घेतली. तलाठी सारा वसूल करतो, त्यामुळे हा बचाव वरकरणी पटण्यासारखा आहे. न्यायालय मग बघतं: थकबाकी खरंच होती का? समजा ती 480 रुपये निघाली, तर तीन हजार कशाचे? पावतीपुस्तक जवळ होतं का? आणि पकडल्याबरोबर हे सांगितलं, की चार वर्षांनी जबाबात प्रथमच सुचलं? दुसरा बचाव असा, की नोंद प्रमाणित करणं मंडळ अधिकाऱ्याच्या हातात, मी काय करणार? पण फेरफार नोंदवहीत नोंद तलाठीच घेतो, नोटिसाही तोच काढतो. अडवून ठेवायला तेवढं पुरेसं आहे. मात्र सापळ्याच्या आधीच नोंद प्रमाणित होऊन गेली असेल, तर तक्रारीबद्दल खरोखर शंका येते. म्हणून तपासी अधिकाऱ्याने अर्जाची फाईल त्याच दिवशी जप्त करावी लागते.

रेकॉर्डिंगबाबतही चुका होतात. मूळ कार्डाऐवजी सीडीवरची प्रत कोर्टात आणली, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या खोतकर खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं असल्याचं पुन्हा सांगितलं. आवाज आरोपीचाच आहे, हे दाखवायला आवाजाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

शेवटी तक्रारदाराच्या मनातल्या भीतीबद्दल. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. पण आधी पोलिसांना कळवून, त्यांना मदत म्हणून पैसे देणाऱ्याला हे कलम लागत नाही. आणि नाइलाजाने द्यावे लागलेच, तर सात दिवसांत तक्रार केल्यास संरक्षण आहे. लाच मिळवण्याचा प्रयत्न तर 1988 च्या मूळ कायद्यापासूनच कलम 7 मध्ये आहे. त्यामुळे तलाठ्याला संशय आला आणि त्याने त्या दिवशी नोटांना हातच लावला नाही, तरी मागणीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. अशा खटल्यात नोटही नसते आणि गुलाबी पाणीही. असतं ते फक्त पडताळणीचं रेकॉर्डिंग आणि शेजारी बसून ऐकणारा पंच.

नमस्कार.