आधी कडा कापा, मग मोठं करा

मंडळी, जुन्या टेपा डिजिटल करून मोठ्या करण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण बहुतेक टेपा तिथेच बिघडतात. फोंड्याच्या एका घरातली चवथीची व्हीएचएस टेप माझ्याकडे आली होती, १९९४ची. देवासमोर आरती चाललीय आणि वर टांगलेली माटोळी, तिच्या सुपाऱ्या, नारळ सगळं अगदी फ्रेमच्या वरच्या काठाला टेकलेलं. कॅप्चर ७२० बाय ५७६, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि खाली आठ-दहा ओळींची फाटकी, थरथरणारी पट्टी. व्हीसीआरच्या ड्रमवर दोन हेड असतात ना, एकावरून दुसऱ्यावर जाताना ती येते. जुना टीव्ही कडा झाकायचा म्हणून आपल्याला कधी दिसली नाही.

पहिल्यांदा मी तशीच अपस्केलला, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या सॉफ्टवेअरला टाकली. काळी कड आणि चित्र यांच्यातली रेघ त्या सॉफ्टवेअरला खरी धार वाटली, त्याने ती आणखी धारदार केली आणि शेजारी पांढरट झालर उठली, खालची पट्टी तर चमकणारी दोरी झाली. नंतर कापली तरी झालर चित्रात शिरलेली असते, ती जात नाही.

आता क्रम. आधी डीइंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींच्या फील्डांपासून पूर्ण फ्रेम करणं, मग क्रॉप. उलटं केलंत आणि वरून विषम ओळी कापल्यात तर फील्डांचा क्रम फिरतो, हलणारा हात पुढे-मागे झटके खातो, ओळखायची खूण तीच.

किती कापायचं ते ffmpeg च्या cropdetect वर सोडू नका. तो फक्त काळं शोधतो, खालची फाटकी पट्टी काळी नसते म्हणून तिला चित्रच समजतो, आणि टेपच्या काळ्यात दाणे असतात त्यामुळे बाजूच्या पट्ट्याही कधी सुटतात. मी वेगवेगळ्या चार-पाच प्रसंगांत थांबून, ब्राइटनेस वाढवून बघतो, कारण कड ओळीगणिक थोडी हलते, सगळ्यात आत जिथे येते तिथे कापायचं. या टेपला डावीकडे १०, उजवीकडे ८, खाली १०, आणि वर फक्त २, वर जास्त घेतलं असतं तर माटोळीच्या दोऱ्याच गेल्या असत्या.

```
ffmpeg -i tape.avi -vf "bwdif,crop=702:564:10:2" -c:v ffv1 -c:a copy out.mkv
```

आकडे सम ठेवा, रंगाची माहिती दोन-दोन पिक्सलांच्या जोडीने साठवलेली असते.

शेवटचं राहिलं मापाचं. पॅल टेपचा पिक्सल चौरस नसतो, रुंदीला साधारण १२/११ पट असतो. म्हणजे ७०२ चे झाले ७६६, उंची ५६४, ती १०८० केली की रुंदी १४६६ येते. कापल्यावरही ४:३ च्या सवयीने रुंदी १४४० वर दाबून बसवलीत तर आरतीचं ताट किंचित लांबट होतं, गोल वस्तूवर लगेच कळतं, म्हणून मी ताटच मोजून बघतो.