दार लावलं की वारा कुठून जाणार?

नमस्कार श्रोतेहो. घराचा नकाशा काढताना आपण पलंग कुठे, कपाट कुठे ते ठरवतो आणि उरलेल्या भिंतीत खिडकी बसवतो. आज आधी खिडकीचा विचार करू. समजा, साताऱ्याकडे छोटं घर बांधायचंय आणि त्यात 10 बाय 12 फुटांची निजायची खोली आहे. तिच्या दक्षिण आणि पश्चिम भिंती बाहेरच्या, आणि पूर्वेच्या भिंतीत हॉलमध्ये उघडणारं दार.

आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. पण शेजारची इमारत त्याला वळवते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात प्लॉटवर बांबू रोवून त्याला कापडाची पट्टी बांधा आणि आठवडाभर संध्याकाळी ती कुठे फडफडते ते पाहा.

वारा पश्चिमेचाच निघाला, तरी तिथे मोठी खिडकी ठेवू नका. दुपारी चारनंतरचं ऊन तिरपं असतं, ते छज्ज्याखालून थेट आत शिरतं. तिथे 2 फूट रुंद, 4 फूट उंच आणि लाकडी झडपांची खिडकी पुरे. ती दुपारी बंद ठेवायची, ऊन उतरलं की सताड उघडायची. उजेडासाठी 4 बाय 4 ची मोठी खिडकी दक्षिणेला घ्या. मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे 2 फुटांचा छज्जा सावलीला पुरतो. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि तेच ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं.

ही मोठी खिडकी दक्षिण भिंतीच्या पूर्वेकडच्या टोकाला ठेवा. दोन्ही खिडक्या एकाच कोपऱ्यात आल्या, तर वारा एकीतून येऊन दुसरीतून निघून जातो आणि पलंगापाशी हवा कोंडलेलीच राहते. शिवाय ती स्लायडिंगची केलीत, तर एका वेळी निम्मीच उघडते, 16 चौरस फुटांतले 8 च हाती लागतात. मी तरी झडपांचीच करायला सांगेन.

आता रात्रीचं बघू. दार लावलं की वाऱ्याची पूर्वेकडची वाट बंद. पावसाची झड येते म्हणून दक्षिणेची खिडकीही लावली, तर पश्चिमेची उघडी असून उपयोग नाही, कारण हवा बाहेर गेल्याशिवाय नवी आत येत नाही. त्यातून खिडकी 7 फुटांवर संपते आणि स्लॅब 10 फुटांवर, त्यामुळे वरच्या 3 फुटांत गरम हवा साठते. म्हणून दाराच्या वर, स्लॅबच्या जितका जवळ जमेल तितका, अडीच फूट रुंद आणि दीड फूट उंच झरोका हवा. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीतही तसाच एक हवा, नाहीतर वारा हॉलमध्येच अडतो.

इथे घात करतो तो माळा. पुष्कळ घरांत तो नेमका दारावरच ओततात आणि मागे सामान रचलं की झरोका बुजतो. माळा उत्तरेच्या भिंतीला घ्या, आणि हे नकाशातच लिहून ठेवा.

स्लॅब पडल्यावर, प्लास्टरच्या आधी, वारा असेल अशा संध्याकाळी दार फळीने झाका, दक्षिणेची खिडकीही झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत उदबत्ती धरा. धूर झरोक्याकडे खेचला जायला हवा. खोलीच्या मध्येच घुटमळला, तर पुढच्या वाटेत कुठे काही आड आलंय ते बघा, आणि झरोकाच लहान वाटला तर गवंडी विटा काढून तो अजून रुंद करू शकतो.