महिनाभर दुकान भाच्याकडे देताना

नमस्कार श्रोतेहो. नारायण पेठेत माझं किराणा दुकान आहे. मागच्या वर्षी घरच्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून महिनाभर दुकान भाच्याच्या हाती दिलं.

जाण्याआधी माल दोघांनी मिळून मोजला. बंद पोती नगावर, उघडं पोतं काट्यावर. यादीखाली दोघांच्या सह्या. शटरची दोन कुलुपं, मागचं दार आणि गल्ला, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधली. दुसरा जोड घरी. दुकान दुपारी एक ते चार बंद, हेही लिहून दिलं. या वेळेवरून पुण्याला लोक नावं ठेवतात. पहाटे पाचला दुधाचे क्रेट उतरवणाऱ्या माणसाला दुपारी पाठ टेकायला मिळालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता गल्ला. रोज सकाळी गल्ल्यात दोन हजारांचे सुट्टे. रात्री त्यात वहीतली रोख विक्री मिळवायची, गल्ल्यातून दिलेले पैसे वजा करायचे आणि मोजलेल्या रकमेशी ताडून बघायचं. हे मी भाच्याला दोनदा करून दाखवलं होतं.

महिन्यानं परत आलो. वही बघितली, एक रुपयाचा फरक नाही! मी खूश. पण बँकेचं स्टेटमेंट बघताना अडखळलो. क्यूआरवरून सात वेळा बरोब्बर पाचशे रुपये जमा, आणि वहीत त्या विक्रीचा पत्ताच नाही. मी भाच्याला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, सात दिवस गल्ला पाचशेनं कमी आला. माझ्याकडूनच कुठंतरी चुकलं असणार, म्हणून मी खिशातले भरले."

साडेतीन हजार रुपये, श्रोतेहो, पोरानं स्वतःचे भरले होते.

एका दिवसाचा हिशोब सांगतो. सकाळचे दोन हजार, रोख विक्री सहा हजार चारशे, पाववाल्याला दिले अकराशे पन्नास. म्हणजे गल्ल्यात हवेत सात हजार दोनशे पन्नास. निघाले सहा हजार सातशे पन्नास. वरच्या मजल्यावरच्या आजींना एटीएमपर्यंत चालवत नाही. त्या आमच्या खात्यावर पाचशे पाठवतात आणि तेवढ्या नोटा घेऊन जातात. भाचा संध्याकाळी चहाला गेला की दुकानातला पोऱ्या त्यांना पैसे द्यायचा, कारण माझ्या वेळेपासून ही पद्धतच होती. पोऱ्याला वाटलं, भाच्याला ठाऊक असेल. आणि मी भाच्याला सांगितलंच नव्हतं.

म्हणून पुन्हा सांगतो. माल, किल्ल्या, रोकड यांची यादी कराच, पण तुमच्या फक्त डोक्यात असलेल्या पद्धतीही लिहा. कोणाला उधारी चालते, कोणाला नाही. कोणाचं बिल महिन्याला. गल्ल्यातून विक्रीशिवाय पैसे कोणाला जातात. आणि गल्ल्यातून पैसे गेले, मग ते कोणालाही असोत, की त्याच क्षणी वहीत ओळ. त्याच क्षणी.

भाच्याचे साडेतीन हजार त्याच संध्याकाळी परत केले. आता गल्ल्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर पहिली ओळ अशी: वरच्या आजी, पाचशे, लिहून ठेवणे.