बाळंतिणीच्या घरी नेण्याचा डबा

बाळंतिणीला भेटायला जाताना काय न्यावे, असे विचारले की आपल्याकडे पहिले उत्तर येते ते डिंकाच्या लाडवांचे, आणि ते उत्तर चुकीचे नाही. स्तनपान देणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 500 ते 600 कॅलरी जास्त लागतात. डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस आणि तूप एकत्र आले की थोड्या घासात बरीच ऊर्जा मिळते. शिवाय हे लाडू टिकतात आणि एका हाताने खाता येतात. अडचण एवढीच आहे की माहेर, सासर, शेजारी आणि कार्यालयातले सहकारी हे सगळे एकाच आठवड्यात लाडूच घेऊन येतात.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अलीकडेच माझ्या एका मैत्रिणीच्या बाळंतपणानंतर नवव्या दिवशी मी तिला भेटायला दादरहून मुलुंडला गेले. जाण्याआधी फोन करून मी तीन गोष्टी विचारल्या: डॉक्टरांनी काही वर्ज्य सांगितले आहे का, घरात आधीच काय आले आहे, आणि तिला भूक नेमकी केव्हा लागते. तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण डबा काय असावा हे बहुधा त्याच्याच उत्तरावरून ठरते.

तिचे सिझेरियन झाले होते आणि गर्भारपणात तिची साखर वाढलेली होती. ही साखर बहुतेक जणींची प्रसूतीनंतर उतरते, पण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासणी करावी लागते, आणि पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. घरात लाडवांचे चार डबे आले होते. तिच्या सासूबाई म्हणाल्या, “गुळाचे आहेत, साखरेचे नाहीत, त्यामुळे चालतील.” हा समज फार घरांत आढळतो, म्हणून येथे थोडे थांबते. एक किलो लाडवांत साडेतीनशे ग्रॅम गूळ घातला आणि 40 ग्रॅमचे लाडू वळले, तर पंचवीस लाडू होतात आणि प्रत्येकात 14 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन लहान चमचे गूळ जातो. रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांत फारसा फरक वाटत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लाडू आग्रहाने वाढले की बारा चमचे होतात, आणि जेवण बाजूलाच राहते.

तिला खरी भूक लागायची ती दुपारी चारनंतर, म्हणजे सासूबाई दिवसभराच्या कामाने दमून पडलेल्या असताना, आणि नंतर रात्री दोनला बाळाला पाजताना. मी प्रथम खिचडीचा विचार केला, पण घरातून निघून लोकल आणि रिक्षा करून पोहोचायला दीड तास लागणार होता. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात शिजवलेला भात बंद डब्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवणे सुरक्षित नाही, आणि वर ओले खोबरे घातले तर तो आणखी लवकर आंबतो. डबा उघडल्यावर आंबूस वास आला किंवा भात चिकट, तारेचा लागला तर तो टाकलाच पाहिजे. पण वास आला नाही म्हणून तो चांगलाच आहे असेही मानू नये, आणि गरम करून तो सुधारतो असेही नाही. म्हणून शिजवलेले काही न नेता तिथे दहा मिनिटांत होईल असे न्यायचे ठरवले.

थालिपिठाची भाजणी मनात होती, पण सासूबाईंना हरभऱ्याची डाळ बाळंतिणीला वातूळ वाटत होती. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही हे मला ठाऊक आहे, तरी ज्या घरात ती जेवणार त्या घराला पटेल असेच अन्न तिच्या ताटात पडते, म्हणून ज्वारी, तांदूळ, मूगडाळ, धने आणि जिरे भाजून मी हरभऱ्याविना अर्धा किलो भाजणी दळून घेतली. त्यात किसलेला दुधी मिसळून थापले की थालीपीठ मऊ होते. रात्रीसाठी भाजलेले शेंगदाणे, बदाम आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे छोट्या डब्यांत वेगवेगळे भरले, म्हणजे मूठभर घेता येतात. सोबत लिंबे नेली, कारण तिला अळीव दिले जात होते आणि लिंबाच्या रसाने त्यातले लोह जास्त शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर मात्र उलट होते, हेही तिला सांगितले.

चार वाजता मीच तव्यावर थालीपीठ लावले. ती बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने दोन थालीपिठे ताकाबरोबर खाऊन गेली, आणि तोवर सासूबाई आतल्या खोलीत निवांत झोपल्या होत्या. निघताना लाडवांच्या चार डब्यांपैकी तीन तिने भेटायला येणाऱ्यांना देण्यासाठी दाराजवळ काढून ठेवले.